१५ अक्षरांत मावणारी पाऊलवाट

*सप्रेम नमस्कार. मी सावंतवाडीजवळ राहते आणि रानभाज्या, रानफुले व जुन्या वाटा यांविषयी अनेक वर्षे इन्स्टाग्रामवर लिहिते. तेथे माझे हँडल raanamadhali_paaulvaat असे आहे. मला ते फार प्रिय आहे, कारण ‘रानामधली पाऊलवाट’ म्हटले की चालताना पावले पडत आहेत असे वाटते. आता मला एक्सवरही लिहायचे आहे. पण तेथे हँडलला १५ अक्षरांची मर्यादा आहे आणि माझ्या नावाची १५ अक्षरे raanamadhali_pa येथेच संपतात. भाच्याने स्वर गाळून rnmdhli_paulvat असे करून दिले. ते बरोबर १५ भरते, पण ते मला माझे वाटत नाही. ‘पाऊलवाट’ सोडायची नाही आणि चालही मोडायची नाही. मग कात्री कोठे लावावी?*
*— एक वाचक, सावंतवाडी*

सप्रेम नमस्कार.

भाच्याने हिशोब चोख केला आहे, पण त्याने नेमकी चुकीची अक्षरे गाळली. देवनागरीत ‘र’ लिहिला की त्यात ‘अ’ आपोआप येतो; रोमन r मध्ये तो येत नाही. त्यामुळे rnmdhli वाचणाऱ्याला प्रत्येक व्यंजनानंतर कोणता स्वर घालायचा, हे स्वतःच ठरवावे लागते. आपल्याला उत्तर ठाऊक असल्याने आपण ते ‘रानामधली’ असे वाचू शकता; पण अनोळखी वाचक ‘रणमधली’ म्हणेल किंवा, अधिक शक्य म्हणजे, काहीच न म्हणता पुढे सरकेल. त्याशिवाय आपल्या नावाची चाल ही सगळी स्वरांच्या लांबी-आखूडपणावर उभी आहे. स्वर काढले की शब्दांचा सांगाडा उरतो आणि ताल आधी जातो.

ही चाल नेमकी काय आहे, ते कात्री हाती घेण्यापूर्वी मोजून पाहू. ऱ्हस्वाची एक मात्रा आणि दीर्घाच्या दोन, हा शाळेत शिकलेला नियम येथे पुरेसा आहे. ‘रानामधली’ या शब्दात रा, ना आणि ली यांच्या दोन-दोन व म, ध यांची एकेक अशा ८ मात्रा होतात. ‘पाऊलवाट’ या शब्दात पा, ऊ आणि वा यांच्या दोन-दोन व ल, ट यांची एकेक अशा पुन्हा ८ मात्रा होतात. एवढेच नव्हे, तर दोन्ही शब्द मधोमध चार-चार मात्रांत दुभंगतात: राना, मधली, पाऊ, लवाट. सारख्या लांबीची चार पावले पडतात आणि आपल्याला चालल्यासारखे वाटते ते त्यामुळेच. म्हणून यापुढे कोणतेही लघुरूप हाती आले की त्यात ही चार पावले शिल्लक आहेत का, हे पाहायचे. ती बोटांवर मोजता येतात, त्यामुळे ‘मला बरे वाटते’ आणि ‘मला बरे वाटत नाही’ यांवर निर्णय सोडावा लागत नाही.

आता अक्षरांकडे वळू. आपले सध्याचे हँडल २२ अक्षरांचे आहे, आणि त्यांतली काही अक्षरे केवळ लिहिण्याच्या सवयीने आलेली आहेत. आपण ‘रा’साठी raa लिहिता, पण लगेच पुढच्या ‘ना’साठी na एवढेच लिहिता, आणि तरीही आजवर कोणी ‘रान-मधली’ असे वाचल्याची तक्रार आपण केलेली नाही. याचा अर्थ मराठी वाचकाला प्रत्येक दीर्घ आकार दोन a लिहून दाखवावा लागत नाही. शब्द ओळखू आला की लांबी तो स्वतः भरतो. तसेच madhali मधला ‘ध’नंतरचा a बोलताना उच्चारला जात नाही, आपण ‘मध्-ली’ असेच म्हणतो. तेव्हा हा a, raa मधला एक, paa मधला एक आणि vaa मधला एक, असे चार a काढले की ranamadhli_paulvat हे १८ अक्षरांचे रूप मिळते. शब्द तेच राहिले, मात्रा त्याच राहिल्या, केवळ वर्तनी आटोपशीर झाली. यातला एखादा a पुढे परत आणावा लागेल, ते ओघाने येईलच.

१८वरून १५वर येताना मात्र नावाच्या अंगालाच हात लावावा लागतो, आणि येथे चार वाटा समोर येतात.

पहिली वाट ‘पाऊल’ सोडण्याची. ranamadhli_vaat हे बरोबर १५ भरते आणि डोळ्यांना सुबकही दिसते. पण ‘रानामधली वाट’ यात चौथे पाऊल पूर्ण जाते आणि तिसऱ्यावर तीनच मात्रा उरतात. चाल सुरू होते न होते तोच थांबते. अर्थही सैलावतो. वाट बैलगाडीची असते, खडीची असते, डांबराचीही असते. पाऊलवाट ही माणसांच्या पावलांनी पडलेली असते, आणि आपण लिहिता ते त्याच वाटेविषयी. शिवाय ‘पाऊलवाट’ सोडायची नाही, असे आपण स्वतःच बजावले आहे. म्हणून ही वाट बंद.

दुसरी वाट ‘पायवाट’ घेण्याची. अर्थाच्या दृष्टीने ही बदली निर्दोष आहे आणि ranatli_payvaat असे करून १५मध्ये बसवताही येते. गडबड आहे ती तालात. पाय तीन मात्रा, वाट तीन मात्रा. म्हणजे शेवटची दोन्ही पावले एकेका मात्रेने आखूड. एकदा मोठ्याने म्हणून पाहावे: ‘रानामधली पाऊलवाट’ झुलत जाते, ‘रानातली पायवाट’ मात्र शेवटाला दोनदा अडखळते. ‘पाय’नंतर आवाज लांबवावा तर शब्द मध्येच तुटतो. ज्यांना तालाचे फारसे सोयरसुतक नाही त्यांना मी हेच रूप सुचवले असते, आपल्याला नाही.

तिसरी वाट समासाची: raan_paaulvaat. हे १४ अक्षरांत बसते, आणि तेही सगळे दीर्घ आकार दुहेरी a ने दाखवून व मधली अधोरेघ राखून. वाचनाच्या स्पष्टतेत याला तोड नाही. पण मधला ‘-मधली’ हा दुवा गेल्याने एक संपूर्ण पाऊल गळते. चाराची तीन होतात. दुसरे असे की ‘रानामधली पाऊलवाट’ म्हटले की कोणीतरी त्या वाटेकडे बोट दाखवते आहे असे वाटते, तर ‘रानपाऊलवाट’ हे एखाद्या पर्यटन निवासाच्या पाटीसारखे वाटते. हे माझे मत झाले. आपल्याला तसे वाटले नाही तर नवल नाही. हे रूप टाकून देऊ नका, ते राखीव ठेवा.

चौथी वाट प्रत्ययाला कात्री लावण्याची, आणि माझा कौल तिच्या बाजूने आहे. ‘रानामधली’ आणि ‘रानातली’ यांत अर्थाचा फरक जवळजवळ नाहीच. शब्दाचा अर्थ ‘रान’मध्ये आहे, ‘-मधली’ आणि ‘-तली’ ही दोन्ही त्या रानाचे वाटेशी असलेले नातेच सांगतात. ranamadhli दहा अक्षरांचे होते, ranatli सातच अक्षरांचे आहे. नेमकी तीन अक्षरे कमी झाली आणि ranatli_paulvat हे १५ भरले. रान राहिले, पाऊल राहिले, वाट राहिली.

आता तालाचे काय? ‘रानातली’ची मोजणी रा, ना, ली यांच्या दोन-दोन आणि त ची एक, म्हणजे ७. एक मात्रा कमी पडली, हे खरे. पण ती कोठे कमी पडली ते महत्त्वाचे आहे. पावले अशी पडतात: राना, तली, पाऊ, लवाट, म्हणजे दुसरे पाऊल तेवढे तीन मात्रांचे. ते पाऊल शब्दाच्या शेवटी आहे आणि ‘ली’ या दीर्घ स्वरावर टेकते. मराठीत ओवी म्हणताना, पाळणा म्हणताना, किंवा नुसती हाक मारतानाही आपण शब्दाच्या शेवटचा दीर्घ स्वर सहज लांबवतो आणि उरलेली मात्रा भरून काढतो. ‘रानातलीऽ पाऊलवाट’ असे म्हणून पाहा. कानाला उणे जाणवत नाही. ‘पायवाट’मध्ये हीच सोय नव्हती, कारण तेथे तूट व्यंजनाशी होती आणि एक तूट तर शब्दाच्या पोटात होती. मात्रा गाळायचीच असेल तर ती शब्दाच्या शेवटच्या दीर्घ स्वराजवळून गाळावी, हे आपल्या भाषेतली गाणी म्हणणाऱ्यांना न सांगता कळत आले आहे.

येथेच थांबले तरी चालेल. पण ranatli_paulvat या रूपात एक खोच आहे, आणि ती तीनचार अनोळखी माणसांना वाचायला दिल्याशिवाय लक्षात येत नाही. अधोरेघेनंतर लगेच Paul हे नाव डोळ्यांत भरते. मराठी माणूसही रोमन लिपीत ही चार अक्षरे एकत्र पाहिली की आधी ‘पॉल’ म्हणतो आणि मग मागे फिरतो. पुढे vat उरते, ते करासारखे वाचले जाते. म्हणजे रानातल्या पाऊलवाटेचे ‘पॉल व्हॅट’ नावाचे गृहस्थ होतात. हे टाळायला एक जादा a हवा, आणि एकही जागा शिल्लक नाही.

ती जागा अधोरेघेकडून घ्यावी. एक्सवरील हँडलमध्ये इंग्रजी अक्षरे, आकडे आणि अधोरेघ एवढेच चालते, आणि अधोरेघेलाही पूर्ण एका अक्षराची किंमत पडते. तिचे काम शब्द वेगळे दाखवण्याचे आहे. ते काम मोठ्या लिपीतले अक्षर फुकटात करते. एक्स हँडल ओळखताना लहान-मोठ्या अक्षरांत भेद करत नाही, पण दाखवताना मात्र आपण जसे लिहिले तसेच दाखवते. म्हणून R आणि P मोठे करून अधोरेघ काढली की एक अक्षर मोकळे होते. (हीच युक्ती इन्स्टाग्रामवर चालत नाही, तेथे हँडल सर्वत्र लहान अक्षरांतच दिसते. म्हणून तेथील अधोरेघ निरुपयोगी समजू नये.)

या एका मोकळ्या अक्षराला तीन दावेदार आहेत. RaanatliPaulvat असे केले तर ‘रणातली’ असा घोटाळा टळतो, कारण रोमनमध्ये न आणि ण दोन्ही n नेच लिहिले जातात. RanatliPaulvaat असे केले तर शेवटचा ‘व्हॅट’ टळतो. RanatliPaaulvat असे केले तर ‘पॉल’ टळतो. तिन्ही रूपे १५ अक्षरांची आहेत, त्यामुळे येथे लांबीचा प्रश्न नाही. सर्वांत मोठा गैरसमज कोणता, एवढाच आहे. ‘रणातली पाऊलवाट’ असा शब्दप्रयोग कोणी करत नाही, त्यामुळे ‘पाऊलवाट’पर्यंत पोहोचलेला वाचक मागचे ‘रान’ आपोआप दुरुस्त करतो. vat हे शब्दाच्या शेपटाला, लहान अक्षरांत दडलेले आहे. तेथवर डोळा पोहोचतो तेव्हा भाषा ठरलेली असते. Paul मात्र मोठ्या P मुळे उलट अधिकच ठळक होते. अधोरेघ काढून आपण तो धोका वाढवलाच आहे. तेव्हा अक्षर तेथेच द्यावे. aau ही जोडी इंग्रजी शब्दांत जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे ती दिसताच हे मराठी आहे हे वाचकाला उमगते. तिसरे पाऊल ‘पा’वरच पडते, त्यामुळे तेथे दोन a दिसणे तालालाही सोयीचे आहे.

माझी शिफारस, म्हणून, RanatliPaaulvat.

v लिहावा की w, हा प्रश्न कोणीतरी आपल्याला विचारीलच. अक्षरसंख्येत फरक पडत नाही आणि मराठीत दोन्ही रूढ आहेत. आपल्या इन्स्टाग्रामवरच्या हँडलमध्ये v आहे, तोच येथे ठेवावा, म्हणजे एक आठवणारा दुसरे टाइप करू शकेल.

नाव पक्के करण्यापूर्वी दोन चाचण्या करून पाहाव्यात. आपले जुने हँडल ज्यांना ठाऊक नाही अशा चारपाच जणांना नवे रूप नुसते लिहून दाखवावे आणि मोठ्याने वाचायला सांगावे. अर्थ सांगू नये, स्वतः उच्चारू नये. पहिल्या प्रयत्नात ‘रानातली पाऊलवाट’ आले तर लिखाण उत्तीर्ण. कोणी ‘लिपा’पाशी अडखळले तर समजावे की त्यांना जोड कोठे आहे हे दिसले नाही. मग तेच रूप सगळे लहान अक्षरांत, ranatlipaaulvat असे दाखवून पाहावे, कारण इतर लोक आपला उल्लेख करताना मोठी अक्षरे टाइप करण्याची तसदी घेणार नाहीत. दुसरी चाचणी उलटी: दूरध्वनीवर नाव सांगावे आणि समोरच्याला टाइप करायला लावावे. येथे पहिल्याच झटक्यात बरोबर येण्याची अपेक्षा ठेवू नये; दीर्घ आकार कोण किती a ने लिहील याचा नेम नसतो. ‘पाऊलमध्ये दोन ए, बाकी सगळीकडे एकच’ एवढ्या एका वाक्यात दुरुस्ती होते का, ते पाहावे. ते वाक्य सांगता येण्याइतके साधे आहे, हाही या रूपाचा एक गुण आहे. आपल्या जुन्या रूपाबाबत ‘रा’मध्ये दोन, ‘ना’मध्ये एक, असे सांगत बसावे लागत असेल.

ही मर्यादा इतकी आवळ का, याचेही उत्तर आहे. ट्विटर २००६ साली सुरू झाले तेव्हा ते मोबाइलच्या लघुसंदेशांवर चालावे अशी रचना होती. एका लघुसंदेशात १६० अक्षरे बसत; त्यांतली १४० मजकुराला दिली आणि उरलेली लिहिणाऱ्याच्या नावासाठी राखली. लघुसंदेशांचे ते दिवस गेले, २०२३मध्ये ट्विटरचे नावही एक्स झाले, हँडलची मर्यादा मात्र १५वरच राहिली.

पूर्ण नाव मात्र आपल्याला सोडावे लागणार नाही. हँडलच्या वर दिसणारे जे प्रदर्शनी नाव असते, त्याला एक्सवर ५० अक्षरांची मुभा आहे आणि तेथे देवनागरी चालते. तेथे ‘रानामधली पाऊलवाट’ असे निःशंक लिहावे. देवनागरीत आपण त्याची अक्षरे १० मोजू, पण संगणक काना, वेलांटी आणि मधली मोकळी जागा हीही स्वतंत्रपणे मोजतो, त्यामुळे त्याच्या हिशोबी ती १६ होतात. गंमत अशी, की हँडलमध्ये देवनागरी चालली असती तरी मधल्या जागी अधोरेघ राखून आपले नाव एका अक्षराने बाहेर राहिले असते. वर देवनागरीत पूर्ण नाव आणि खाली रोमनमध्ये आटोपशीर रूप असे एकत्र दिसले की हँडलचा उच्चार वाचकाला वेगळा शिकवावा लागत नाही. मात्र कोणी आपला उल्लेख केला की मजकुरात केवळ हँडल दिसते, वरचे नाव दिसत नाही. म्हणून वरच्या नावाच्या भरवशावर rnmdhli चालवून घेऊ नये.

इन्स्टाग्रामवरचे हँडल बदलू नये. तेथे मर्यादा ३० अक्षरांची आहे आणि आपली २२ त्यात निवांत बसतात. दोन्हीकडे एकच नाव हवे म्हणून तेथे बदल केला तर लोकांनी ठिकठिकाणी दिलेले आपल्या पानाचे जुने दुवे निकामी होतील, आणि सोडलेले नाव दुसऱ्या कोणाला घेता येईल. त्याऐवजी दोन्ही खात्यांच्या परिचयात एकमेकांचा दुवा द्यावा.

RanatliPaaulvat आधीच कोणी घेतलेले आढळले, तर त्याच्या मागे आकडा जोडायला जागा नाही आणि तो जोडण्यासाठी आणखी एखादे अक्षर काढण्याचा मोह टाळावा. लहान-मोठी अक्षरे बदलून तेच नाव पुन्हा मिळत नाही. अशा वेळी प्रथम RanatliPaaulwat असे w घेऊन पाहावे, पण तेवढ्याच जवळच्या नावाने दुसरे कोणी सक्रिय लिहीत असेल तर ते रूप घेऊ नये. उल्लेख एकमेकांकडे जात राहतील. मग राखीव ठेवलेले raan_paaulvaat काढावे. त्यात तीनच पावले आहेत, पण ती तिन्ही स्वच्छ वाचता येतात.